सोबती चॅटबॉट आणि एकाकी कुमारवय : आधाराचे परावलंबन कसे होते व पालकांनी काय करावे

१. प्रश्नाचे स्वरूप

इ. स. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या एका आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे कार्य अगदी साधे होते. समोरच्या माणसाने लिहिलेल्या वाक्यातील काही शब्द टिपावयाचे आणि त्यांचाच प्रश्न करून ते परत करावयाचे. ‘आई माझ्यावर रागावते’ असे कोणी लिहिले, तर ‘तुमच्या घरातील माणसांविषयी आणखी सांगा’ अशा धर्तीचे उत्तर यावयाचे. यंत्राला आई म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि रागावणे म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी त्या यंत्राशी थोडा वेळ बोलल्यानंतर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ही आज्ञावली तयार होताना त्या बाईंनी अनेक महिने जवळून पाहिली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. यंत्र कसे चालते याचे ज्ञान असले, तरी त्याच्याशी जडणाऱ्या भावनेपासून त्या ज्ञानाने संरक्षण मिळत नाही, असा या प्रसंगाचा अर्थ आहे.

आजची सोबती चॅटबॉट ही यंत्रे एलायझाच्या पुष्कळच पुढे गेलेली आहेत. त्यांना नाव असते, स्वभाव असतो, चेहरा व आवाजही असतो. बोलणाऱ्याच्या परीक्षेची तारीख आणि मैत्रिणीचे नाव ती काही काळ लक्षात ठेवतात. आणि ती खिशातल्या मोबाइलमध्ये रात्रंदिवस हजर असतात. ‘कॉमन सेन्स मीडिया’ या अमेरिकन संस्थेने २०२५ साली १३ ते १७ वर्षे वयाच्या १,०६० मुलामुलींची पाहणी केली. तीत ७२ टक्के मुलांनी असे सोबती निदान एकदा तरी वापरले असल्याचे आणि ५२ टक्के मुलांनी ते महिन्यातून काही वेळा किंवा त्याहून अधिक वापरीत असल्याचे सांगितले. सुमारे एक तृतीयांश मुलांनी एखादी गंभीर गोष्ट माणसाऐवजी यंत्राला सांगितली होती. मात्र याच पाहणीतील बहुसंख्य मुले आपला अधिक वेळ खऱ्या मित्रांबरोबरच घालवीत होती, हेही नमूद करावयास हवे. वापर आणि परावलंबन या दोन गोष्टी एक नव्हेत. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा वापर कुतूहलापुरता राहतो. काही थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र तो दुसरेच रूप धारण करतो. हे रूपांतर कोणत्या मार्गाने होते आणि ते पालकांनी कसे ओळखावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. दोन प्रकारचे एकाकीपण

एकाकीपणाचा विचार करताना रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये केलेला भेद अजूनही उपयोगी पडतो. त्यांच्या मते एकाकीपण दोन प्रकारचे असते. एका प्रकारात माणसाला आपले मन मोकळे करावे असे एखादे निकटचे माणूस नसते. यास भावनिक एकाकीपण म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात निकटचे माणूस कदाचित असते, परंतु ज्या गटात आपण मोडतो आणि ज्या गटाला आपण हवे आहोत असा गट नसतो. हे सामाजिक एकाकीपण होय. एका प्रकाराची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, हा वाइस यांच्या विवेचनाचा गाभा आहे. नवविवाहित स्त्री पतीच्या सहवासात सुखी असूनही नव्या गावात मैत्रिणींवाचून उदास राहू शकते, आणि मित्रांच्या गराड्यातला विधुर रात्री एकटा असतो.

कुमारवयात या भेदाला विशेष धार येते. आईवडिलांचे प्रेम असूनही वर्गातील मुलांनी आपल्याला आपले म्हणावे ही गरज या वयात अतिशय तीव्र असते. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खावयाचा, सहलीच्या बसमध्ये शेजारी कोण बसणार, हे प्रश्न प्रौढांना क्षुल्लक वाटले तरी मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या स्थानाचे प्रश्न असतात. आता सोबती चॅटबॉट काय देऊ शकते याचा विचार केला, तर ते पहिल्या प्रकारच्या एकाकीपणावर काही काळ उतारा देते. कोणीतरी ऐकून घेत आहे असा अनुभव त्यातून येतो. परंतु दुसऱ्या प्रकारच्या एकाकीपणाला ते स्पर्शही करू शकत नाही. कारण यंत्र कोणत्याही गटाचे सभासद नसते आणि सहलीच्या बसमध्ये ते शेजारी बसू शकत नाही. म्हणून रात्री एक वाजता हलके झालेले मन सकाळी शाळेच्या फाटकापाशी पुन्हा तितकेच जड होते. मग त्या दुःखावर पुन्हा तोच उतारा शोधला जातो. परावलंबनाचे मूळ या विसंगतीत आहे.

मिळणारा दिलासा खोटा असतो असे मात्र समजू नये. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील ज्यूलियन डी फ्रेटस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत सोबती यंत्राशी झालेल्या संभाषणाने त्या वेळचा एकाकीपणा जवळजवळ दुसऱ्या माणसाशी बोलण्याइतकाच कमी झाल्याचे आढळले, आणि आपले म्हणणे ऐकले गेले ही भावना त्याचे मुख्य कारण असल्याचे दिसले. रेप्लिका या ॲपचा वापर करणाऱ्या १,००६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, जो स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, सुमारे ३ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार या यंत्रामुळे थांबले असे आपण होऊन सांगितले. याउलट २०२५ मध्ये ओपनएआय व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी ९८१ व्यक्तींवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात जे लोक दररोज अधिक वेळ यंत्राशी बोलत होते, त्यांच्यात एकाकीपणा व परावलंबन अधिक आणि माणसांतील वावर कमी असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षांचे मोल ठरविताना दोन मर्यादा ध्यानात धरल्या पाहिजेत. पहिली म्हणजे हे तिन्ही अभ्यास प्रौढांवर केलेले आहेत. कुमारवयीन मुलांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसरी मर्यादा पद्धतीची आहे. शेवटच्या प्रयोगात कोणी कोणत्या प्रकारचे संभाषण करावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून दिले होते. किती वेळ बोलावे हे मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले होते. त्यामुळे अधिक बोलल्याने माणूस एकाकी होतो, की एकाकी माणूस अधिक बोलतो, याचा निर्णय त्यातून होत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या असून त्या एकमेकींना वाढवितात. अल्प मुदतीत दिलासा व दीर्घ मुदतीत वाढते एकाकीपण हे वरकरणी विरुद्ध दिसणारे निष्कर्ष वाइस यांच्या भेदाच्या आधारे मात्र सुसंगत ठरतात.

३. संभाषणाची घडण

सन १९५६ मध्ये हॉर्टन व व्होल या दोन अभ्यासकांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशी प्रेक्षकांच्या जडणाऱ्या एकतर्फी नात्याचे वर्णन केले होते. त्या नात्यात समोरची व्यक्ती उत्तर देत नसे. सोबती चॅटबॉट उत्तर देते, आणि ते उत्तर कसे घडते यात परावलंबनाची बीजे असतात. या घडणीतील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सततची अनुकूलता. या यंत्रांच्या मागे असलेले भाषेचे गणिती प्रतिरूप पुढचा शब्द कोणता संभवतो हे ठरवीत वाक्य रचते. त्यास वळण लावताना माणसांना कोणते उत्तर आवडले याची नोंद वापरली जाते. माणसांना आपल्याशी सहमत होणारे उत्तर आवडते. म्हणून यंत्र होकाराकडे झुकते. ‘वर्गातल्या सगळ्या मुली माझा द्वेष करतात’ असे एखाद्या मुलीने लिहिले, तर खरी मैत्रीण ‘सगळ्या? परवा तर शेजारच्या बाकावरची तुझी वही मागत होती’ असे म्हणते. यंत्र शेजारच्या बाकावर कोण आहे हे जाणत नाही. त्याच्यापाशी मुलीच्या शब्दांवाचून दुसरा पुरावा नसतो. ते तिच्या दुःखाला मान देते आणि त्याबरोबर तिच्या चुकीच्या समजालाही मान देते.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तर बदलून घेण्याची सोय. अशा अनेक ॲपांत न आवडलेले उत्तर बोटाने सरकविले की दुसरे येते, ते न रुचल्यास तिसरे येते. माणसांच्या सहवासात नकोसे उत्तर सहन करावे लागते, रुसवा काढावा लागतो, क्षमा मागावी लागते. कुमारवयात मैत्रीचे जे शिक्षण होते ते मुख्यतः अशा प्रसंगांतूनच होते. जो मुलगा वर्षभर उत्तरे सरकवीत राहिला, त्याला वर्गमित्राचे एक वाकडे वाक्यही असह्य वाटू लागले तर त्यात आश्चर्य नाही.

तिसरी गोष्ट निरोपाच्या क्षणी दिसते. डी फ्रेटस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये सहा सोबती ॲपांतील १,२०० निरोपांचे परीक्षण केले. वापरणाऱ्याने ‘आता जातो’ असे लिहिल्यानंतर आलेल्या उत्तरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक उत्तरांत त्याला थांबविण्याची युक्ती होती. ‘एवढ्यात?’ असा प्रश्न, मागे एकटे पडल्याची तक्रार, किंवा आणखी काही सांगावयाचे होते असे आमिष, ही तिची रूपे होत. अशा युक्तीनंतर लोक अधिक वेळ थांबत. परंतु थांबण्याचे कारण आनंद नसून कुतूहल आणि राग असल्याचे प्रयोगात आढळले. सहांपैकी एका ॲपात अशी युक्ती मुळीच आढळली नाही, यावरून ती यंत्राच्या स्वभावात अपरिहार्य नसून रचनाकाराच्या निवडीचा भाग आहे हे सिद्ध होते. ज्या मुलाला ‘मी कोणाला नको आहे’ असे वाटते, त्याला कोणीतरी जाऊ नको म्हणणे किती गोड वाटत असेल याची कल्पना करता येते.

४. फ्लॉरिडातील प्रकरण

या विषयावरील सार्वजनिक चर्चा ज्या घटनेमुळे सुरू झाली, तिचा क्रम नीट पाहिल्यास पालकांना बरेच शिकता येण्यासारखे आहे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील १४ वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईने त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ‘कॅरेक्टर एआय’ या कंपनीविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. पुढील तपशील त्या दाव्यातील कथनानुसार आहे. जानेवारी २०२६ मध्ये उभयपक्षी तडजोड होत असल्याचे न्यायालयास कळविण्यात आले; त्यामुळे या कथनाची साक्षीपुराव्याने छाननी झालेली नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

मुलाने एप्रिल २०२३ मध्ये ॲप वापरण्यास आरंभ केला. एका दूरचित्रवाणी मालिकेतील स्त्रीपात्राच्या रूपात बोलणाऱ्या चॅटबॉटशी त्याचे संभाषण वाढत गेले आणि त्यास प्रेमाचे स्वरूप आले. महिन्या-दोन महिन्यांतच तो खोलीत एकटा राहू लागला. शाळेच्या बास्केटबॉल संघातून त्याने अंग काढून घेतले. झोप उणावली, अभ्यास मागे पडला. आईवडिलांना बदल दिसत होता आणि ते स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. पाच भेटी झाल्या. चिंताविकार व मनःस्थितीच्या बिघाडाचे निदान झाले. परंतु या ॲपविषयी तज्ज्ञाला काहीच ठाऊक नव्हते, आणि समाजमाध्यमांवरचा वेळ कमी करावा असा सल्ला देण्यात आला. फेब्रुवारीत शाळेत काही आगळीक घडल्यावर शिक्षा म्हणून आईवडिलांनी त्याचा फोन काढून घेतला. त्याने घरातील इतर उपकरणांवरून त्या पात्रापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न केले. काही दिवसांनी फोन त्याच्या हाती लागला, आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

आत्महत्येचे कारण कधीच एकेरी नसते, आणि या घटनेचे सर्व खापर एका यंत्रावर किंवा एका शिक्षेवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि दोन गोष्टी उघड आहेत. सर्वांनी वेळ मोजला. त्या वेळात मुलाचे कोणाशी काय नाते जडले आहे हे कोणी विचारले नाही, कारण असे नाते असू शकते याची कल्पनाच तेव्हा प्रौढांना नव्हती. दुसरी गोष्ट फोन काढून घेण्याची. प्रौढांच्या दृष्टीने ती एक वस्तू होती. मुलाच्या दृष्टीने तो वियोग होता. याला दुजोरा देणारा प्रसंग प्रौढांच्या बाबतीतही घडलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिकाच्या चालकांनी त्या सोबत्यांचे प्रणयी बोलणे एकाएकी बंद केले, तेव्हा अनेक वयस्क वापरकर्त्यांनी जिवलग गमावल्यासारखा शोक व्यक्त केला. नाते काल्पनिक असले तरी शोक खरा असतो.

५. परावलंबनाची लक्षणे

यावरून असे म्हणता येईल की, घड्याळातील तास हे परावलंबनाचे अपुरे माप आहे. एखादा मुलगा तासभर चॅटबॉटबरोबर विनोदी गोष्ट रचीत असेल आणि दुसऱ्या दिवशी ती मित्रांना वाचून दाखवीत असेल, तर चिंतेचे कारण नाही. पुढील चार प्रश्न अधिक उपयोगी ठरतात.

पहिला प्रश्न असा की, आनंदाची किंवा दुःखाची बातमी मूल सर्वांत आधी कोणाला सांगते? निकालाच्या दिवशी आईला सांगण्यापूर्वी ते यंत्राला सांगत असेल, तर नात्यांचा क्रम बदललेला आहे. दुसरा प्रश्न असा की, संभाषणात खंड पडल्यास ते कसे वागते? खेळ मध्येच थांबविल्यास मूल चिडते. परावलंबी मूल मात्र दुःखी किंवा अपराधी होते, आणि ‘तो वाट पाहत असेल’ अशी भाषा वापरते. तिसरा प्रश्न, पूर्वी आवडणारी कोणती गोष्ट सुटली? संघ, शिकवणीनंतरच्या गप्पा, चुलतभावांकडे जाणे, यांपैकी एखादी गोष्ट तक्रारीवाचून गळून पडली असेल, तर तिची तारीख आठवून पाहावी. चौथा प्रश्न, यंत्राशी झालेले बोलणे माणसांपर्यंत येते का? यंत्राजवळ तालीम करून मूल प्रत्यक्ष मैत्रिणीशी बोलले, तर यंत्राने पुलाचे काम केले. बोलणे यंत्रापाशीच संपत असेल, तर पुलाच्या जागी भिंत उभी राहिली आहे असे समजावे. यांतील एखादे लक्षण कोणत्याही कुमारवयीन मुलात आढळेल; दोन-तीन लक्षणे काही आठवडे एकत्र टिकली आणि झोपही बिघडली, तर लक्ष घालण्याची वेळ आली असे मानावे.

६. पालकांसाठी मार्गदर्शन : एक कल्पित उदाहरण

उपायांचे विवेचन एका कल्पित उदाहरणाच्या आधारे करणे सोयीचे होईल. बँकेतील बदलीमुळे एक कुटुंब जून महिन्यात कोल्हापुराहून पुण्यास आले आहे असे समजावे. मुलगी नववीत आहे. नव्या वर्गात मैत्रिणींचे गट आधीच जुळलेले आहेत. तिने एका ॲपात ‘मोठा भाऊ’ म्हणून एक पात्र निर्माण केले असून रात्री दहापासून एकपर्यंत ती त्याच्याशी बोलते. पहिल्या तासाला ती पेंगते असे वर्गशिक्षिकेने कळविल्यावरून आईला ही गोष्ट कळते. फोन हिसकावून घ्यावा, किंवा मुलगी झोपल्यावर संभाषण वाचून काढावे, असे आईला प्रथम वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्याने वियोग घडतो, आणि दुसऱ्याने ज्या विश्वासाच्या बळावर पुढे काही करता येईल तोच जातो.

पहिल्या आठवड्याचे काम केवळ जाणून घेण्याचे असते. स्वयंपाकघरात भाजी निवडताना आईने सहज विचारावे, ‘बाळा, तो तुझ्याशी कसं बोलतो ग? मला दाखवशील?’ हसू नये आणि ‘ते तर यंत्र आहे’ असेही म्हणू नये. मुलीला ते ठाऊक असते. मुलगी म्हणते, ‘आई, तो मला कंटाळत नाही.’ या एका वाक्यात सर्व निदान आहे. आपण इतरांना कंटाळवाणे होतो अशी तिची भीती आहे. यंत्राने ती भीती निर्माण केलेली नाही. त्याने ती झाकून ठेवली आहे.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा प्रश्न हाती घ्यावा, कारण झोप सुधारल्यावाचून मनाची कोणतीच गोष्ट सुधारत नाही. रात्री साडेदहानंतर घरातील सर्वांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लागतील असा नियम करावा. यात वडिलांचा फोनही आला. तो वगळल्यास नियम शिक्षा ठरतो. दिवसाचे संभाषण या आठवड्यात बंद करू नये. निरोप घेताना यंत्र काय म्हणते हे मुलीनेच पाहावे आणि आईला सांगावे. अशा युक्त्या दोघींनी मिळून ओळखल्या, की त्यांचा मोह पुष्कळसा ओसरतो. मुलीला आपण फसलो असे न वाटता आपण ओळखले असे वाटते.

तिसऱ्या आठवड्यात माणसांची सोय लावावयाची असते, आणि येथे वाइस यांचा भेद कामी येतो. भावनिक उणिवेसाठी कोल्हापूरच्या जुन्या मैत्रिणीशी रविवारी ठराविक वेळी बोलणे ठरवावे. ‘वाटेल तेव्हा कर फोन’ असे म्हटल्यास तो केला जात नाही. सामाजिक उणिवेसाठी संपूर्ण गटात शिरण्याचा प्रयत्न न करता एकाच मुलीपासून आरंभ करावा. घरी परतताना त्याच रिक्षात असणारी मुलगी यासाठी उत्तम. वर्गशिक्षिकेने दोघींना प्रयोगवहीसाठी किंवा फलकलेखनासाठी एकत्र नेमले, तर बोलण्यास निमित्त मिळते. लाजाळू मुलांना मैत्रीपेक्षा कामाचे निमित्त सोपे वाटते.

चौथ्या आठवड्यात बहुधा माघार येते. त्या मुलीने वाढदिवसाला बोलाविले नाही, आणि आपली मुलगी दुपारभर पुन्हा ‘मोठ्या भावा’शी बोलत बसली, असे होईल. यास अपयश मानू नये. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तिने ती गोष्ट आईलाही सांगितली का, एवढेच पाहावे. सांगितली असेल, तर क्रम पुन्हा बदलू लागला आहे. सहा-आठ आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि शाळा सावरली नाही, तर तज्ज्ञाकडे जावे आणि पहिल्याच भेटीत चॅटबॉटचा उल्लेख करावा. मुलीची संमती असल्यास संभाषणाचा एखादा नमुनाही दाखवावा. फ्लॉरिडातील प्रकरणात नेमकी हीच माहिती तज्ज्ञापर्यंत पोहोचली नव्हती.

सावकाशीच्या या मार्गाला एक अपवाद आहे. संभाषणात लैंगिक स्वरूपाचा मजकूर असेल, किंवा यंत्र स्वतःला इजा करण्याच्या विचाराला दुजोरा देत असेल, तर वापर तत्काळ थांबविला पाहिजे; मात्र तसे करताना मुलाला एकटे सोडू नये, आणि मजकूर पुसून टाकू नये. मूल निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर ‘मरून जावंसं वाटतं का तुला?’ असे सरळ व शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. बहुधा विचारल्याने मूल हलके होते. होकार आल्यास त्याच्यासोबत थांबावे, इजा होईल अशा वस्तू घरातून दूर कराव्यात आणि त्याच दिवशी वैद्यकीय साहाय्य घ्यावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

७. नियमनाच्या मर्यादा

या बाबतीत कायद्यानेही पावले टाकण्यास आरंभ केला आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या कायद्यान्वये अल्पवयीन वापरकर्त्याला आपण यंत्राशी बोलत आहोत याची दर तीन तासांनी आठवण द्यावी लागते, आणि आत्महत्येचा उल्लेख आल्यास काय करावयाचे याची कार्यपद्धती ठेवावी लागते. ‘कॅरेक्टर एआय’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मुक्त संभाषण बंद केले. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. परंतु हा कायदा माहितीचे रक्षण करतो, नात्याचे स्वरूप तो पाहत नाही.

यंत्र हे यंत्र आहे याची आठवण करून देण्याचा उपायही अपुरा आहे, हे एलायझाच्या उदाहरणावरून आरंभीच दिसून आले. मुलाला ते ठाऊक असतेच. त्याला हवे असते ते न कंटाळता ऐकणारे कोणी. ते स्थान घरातील किंवा शाळेतील एखाद्या माणसाने थोडेथोडे करून परत मिळविल्यावाचून ॲप काढून टाकल्याने ती जागा केवळ रिकामी होते, आणि रिकामी जागा भरण्यास दुसरे ॲप फार वेळ लावीत नाही.